धंदा शून्य असला तरी फॉर्म भरावाच लागतो

प्रायव्हेट लिमिटेड काढलीत, पण वर्षभरात एकही बिल फाडलं नाही, म्हणून निवांत राहू नका. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं की झालं, हा गैरसमज मी फार पाहिलाय.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरला झाली, तर ताळेबंदाचा फॉर्म AOC-4 तीस दिवसांत आणि छोट्या कंपनीच्या वार्षिक विवरणाचा फॉर्म MGT-7A साठ दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे जायला हवा. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये लागतात आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही 200 दिवस रखडले तर 40,000 रुपये, तेही शून्य उलाढालीवर!

सलग तीन वर्षं चुकलात तर संचालक म्हणून पाच वर्षं अपात्र ठराल, दुसऱ्या कंपन्यांतही. कंपनी चालवायचीच नसेल तर रीतसर बंद करण्याचा अर्ज आजच करा.