ऑक्टोबरातला विलायती पालक

प्रश्न : भाजीचं बी रुजायला जमिनीचं तापमान किती लागतं? शेतात ते मोजायचं कसं? मुंबईजवळ थोडी जागा आहे, दोनदा बी पेरलं, धड उगवलंच नाही.

इंटरनेटवर जे तक्ते मिळतात ते थंड देशांतल्या लोकांसाठी केलेले असतात. जमीन कधी पुरेशी तापेल ही त्यांची काळजी. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा भाजीचं बी थंडीने अडून बसत नाही, फार तर भेंडी आठवडाभर उशिरा डोकं वर काढते. मुंबईत प्रश्न वरच्या टोकाचा आहे. कोणतं बी किती उष्णता सोसतं तेवढं बघा.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण या एका गोष्टीवरून मी घरात दोन वर्षं बोलणी खाल्ली आहेत.

माझं माहेर परळचं, सासर गोराईचं. वाडीत पालेभाजी होते आणि तरीतून बोरिवलीच्या बाजारात जाते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या हाताने चार वाफे पालक पेरला. दुकानदाराने नेहमीचं बी संपलंय म्हणून दुसरं, महागडं पाकीट दिलं होतं, "हाही पालकच" असं सांगून. शेजारच्या दोन वाफ्यांत सासऱ्यांनी घरातलं जुनं बी टाकलं. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांचे वाफे हिरवे झाले. माझ्या चार वाफ्यांत मिळून ओंजळभर रोपं नव्हती. सासरे म्हणाले, "पोरीच्या हाताला यश नाही." पुढच्या ऑक्टोबरात तेच बी, तोच प्रकार, आणि तेच वाक्य, या वेळी पाहुण्यांसमोर.

त्या दुसऱ्या वर्षी मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून प्रयोगशाळेत वापरतात तसा काचेचा थर्मामीटर आणला. लाल द्रवाचा घ्या, पाऱ्याचा नको. वाफ्यात फुटला तर पारा भाजीच्या मातीत जातो. तापाचा थर्मामीटर उपयोगाचा नाही, तो पस्तिशीच्या खाली काही दाखवतच नाही. आणलेला आधी तपासून घ्या. बर्फ बारीक कुटून थोड्या पाण्यात कालवायचा, त्यात टोक बुडवून ढवळायचं. लाल रेघ शून्यावर यायला हवी. एक-दीड अंश चुकला तर तेवढी चूक लक्षात ठेवा, जास्त दाखवत असेल तर पुढे वजा करा, कमी दाखवत असेल तर मिळवा.

मोजायचं ते बी जिथे आहे तिथेच. पालक दीड-दोन सेंटीमीटरवर पडतो. तिथे थर्मामीटर सरळ उभा खुपसलात तर टोक खाली गार मातीत जातं आणि आकडा खोटा गोड येतो. मी आधी लांब खिळ्याने तिरकं, जवळजवळ आडवं भोक पाडते, त्यात टोक सरकवते, वरून माती बोटांनी दाबते, बाहेर राहिलेल्या काचेवर पाटीची सावली धरते आणि पाच मिनिटं थांबते. थर्मामीटर बाहेर काढून वाचायचा नाही, मातीतच असताना वाचायचा. गोल तबकडीचा धातूचा असेल तर त्याच्या दांडीचा खालचा चांगला चार-पाच सेंटीमीटर भाग मिळून तापमान घेतो, म्हणून तो आडवाच ठेवावा लागतो. नुसतं रोखून आकडा दाखवणारी बंदूक मिळते, ती मातीची कातडी मोजते, बियाची जागा नाही. हवामान खात्याच्या कृषी केंद्रांवरही मातीचं तापमान घेतात, पण 5, 10 आणि 20 सेंटीमीटरवर. पालेभाजीचं बी त्याच्याही वर असतं, तिथे दुपारचा चटका जास्त.

दिवसातून दोनदा मोजा. एकदा उजाडायच्या आधी, एकदा दुपारी दोन-अडीचला. वाफ्याच्या मधोमध, कडेला, पाणी शिरतं त्या तोंडाशी, अशा चार ठिकाणी, आणि किमान तीन दिवस. माझ्या वाफ्यात पहाटे 27 होतं आणि दुपारी 39. सरासरी काढलीत तर 33 येते आणि काही कळत नाही, कारण बियाला मारतात ते दुपारचे तास.

मग पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. ते विलायती पालकाचं बी होतं. आपला नेहमीचा देशी पालक हा खरं तर बीटाच्या कुळातला, त्याचं बी खडबडीत, गाठीसारखं, आणि तो उष्णता बऱ्यापैकी सोसतो. विलायती पालक वेगळीच वनस्पती. कॅलिफोर्नियातले बियांचे अभ्यासक हॅरिंग्टन यांचे उगवणीचे आकडे मी नंतर पाहिले: विलायती पालक 15 अंशाला शंभरातले 82 उगवतात, 20 ला 52, 25 ला 28, आणि 35 ला एकही नाही. नाव एकच, आणि त्या नावापायी दोन वर्षं दोष माझ्या हाताचा.

तरी घरात कोण ऐकणार? म्हणून त्याच पाकिटातले पन्नास-पन्नास दाणे दोन ओल्या फडक्यांत बांधले. एक पुरचुंडी माठाच्या बुडाशी ठेवली, तिथे 24 अंश होतं. दुसरी वाफ्यात दोन सेंटीमीटरवर पुरली आणि कोरडी पडू दिली नाही. आठव्या दिवशी दोन्ही सासऱ्यांसमोर उघडल्या. माठाखाली 23 दाण्यांना मोड होते, वाफ्यातल्या पुरचुंडीत दोन. ते काही बोलले नाहीत. उरलेलं बी डिसेंबरअखेर पेरलं, वाफा भरून उगवला.

तुम्हाला आकडे हवेत तर ढोबळ असे: भेंडी, काकडी, कलिंगड यांना 30 ते 35 उत्तम. वांगी, मिरची, टोमॅटो यांना 25 ते 30, पस्तिशीला टोमॅटोची उगवण रेंगाळते. कांद्याला 20 ते 25. गाजराला पंचविशीच्या आसपास. कोथिंबिरीला आणि सॅलडच्या लेट्यूसला तिशीच्या आत.

वाफा थंड करायचा तर संध्याकाळी पेरा, वर भाताचा पेंढा पातळ पसरा, निम्मी सावली देणारी हिरवी जाळी हातभर उंचीवर बांधा. माझ्याकडे एवढ्याने दुपारचे 39 चे 32 झाले. कोथिंबिरीला तेवढ्याने बराच फरक पडला, विलायती पालकाला नाही. मोड दिसताच पेंढा त्याच संध्याकाळी काढा, नाहीतर रोपं पिवळी, लांबुळकी होऊन आडवी पडतात.

एक मात्र आहे. उगवण न होण्याचं कारण दर वेळी तापमानच असतं असं नाही. पाण्यानंतर वर कडक पापुद्रा धरला, मुंग्यांनी दाणे नेले, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारट झालं, तरी वाफा असाच रिकामा दिसतो. म्हणून तुमच्या त्याच बियाची पुरचुंडी आधी माठाखाली ठेवा. तिथेही मोड आले नाहीत तर बी जुनं आहे, पाकीट घेऊन दुकानात जा. तिथे आले आणि वाफ्यात नाहीत, तर थर्मामीटर घ्या. आणि घरातलं कोणी पेरणाऱ्या बाईच्या हाताला नावं ठेवत असेल, तर त्यांनाच दुपारी अडीचला वाफ्याशी बसवून आकडा वाचायला लावा. मी तेच केलं.