‘उदाहरणार्थ’ कशाचे उदाहरण?

प्रश्न: कादंबरीच्या पहिल्या परिच्छेदाचे विश्लेषण करताना निवेदकाचा आवाज आणि वाचकाची अपेक्षा यांविषयी नेमके काय लिहायचे? मला दर वेळी फक्त कथानकच सुचते.

उत्तर:

एम. ए.ला असताना मी भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीच्या पहिल्या तीन वाक्यांवर बारा पानांचा निबंध लिहिला होता. आमच्या प्राध्यापकांनी त्यावर लाल शाईने ‘शब्दांत अडकू नका, आशय पाहा’ एवढाच शेरा मारला आणि वर्गात सांगितले की, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या कॉलेजातल्या पोरांच्या लकबी आहेत, त्यांतून अर्थ काढणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. त्या शेऱ्याशी मी आजही सहमत नाही.

ती वाक्ये अशी आहेत: ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे. खरं तर तुम्हांला वगैरे सांगण्यासारखं एवढंच.’

मी तेव्हा केले ते इतकेच, की या वाक्यांतून एकेक शब्द काढून उरलेले वाक्य मोठ्याने वाचले. ‘आज पंचवीस वर्षांचा आहे’ असे वाचले की समोर एक साधा, विनयशील आत्मचरित्रकार उभा राहतो. ‘उदाहरणार्थ’ परत घातले की तो नाहीसा होतो. याचे कारण त्या शब्दाच्या वापरातच आहे: आधी एखादे सर्वसाधारण विधान असावे लागते आणि मग त्याचा दाखला म्हणून ‘उदाहरणार्थ’ येते. इथे ते विधानच नाही. त्यामुळे हे वय कशाचे उदाहरण आहे, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो आणि निवेदक स्वतःकडेच एक नमुना म्हणून पाहतो आहे, असे जाणवू लागते. शब्दाची जागाही पाहावी. ‘मी उदाहरणार्थ पांडुरंग सांगवीकर’ असे तो म्हणत नाही. नाव, आणि त्यातल्या ‘कर’ प्रत्ययाने आलेले गाव, पक्के राहते आणि डळमळते ते फक्त वय.

‘वगैरे’चेही तसेच आहे. हा शब्द एरवी वस्तूंच्या यादीनंतर येतो. इथे तो ‘तुम्हांला’ला चिकटला आहे, म्हणजे यादीत टाकला गेला आहे तो वाचक. शिवाय ‘तुम्हांला’ हे एका माणसासाठी आदरार्थी आहे की अनेकांसाठी, हे कळत नाही, आणि त्यामुळे आपण निवेदकाचे खास विश्वासातले श्रोते आहोत असा समज वाचकाला करून घेता येत नाही. ‘एवढंच’ म्हणून झाल्यावर मात्र पुढे शेकडो पाने येतात. सांगण्यासारखे काही नाही असे म्हणणारा माणूस सांगतच राहणार आहे, ही अपेक्षा त्या एका शब्दाने तयार होते. ‘खरं’, ‘सारखं’, ‘एवढंच’ यांवरच्या अनुस्वारांकडेही दुर्लक्ष करू नये. तिथे ‘खरे तर’ छापले असते तर बोलणारा माणूसच बदलला असता.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘आज’ हा आहे, आणि माझ्या निबंधातली निम्मी पाने त्यावर होती. पुढे येणारे पुण्यातले कॉलेज, वसतिगृह, गावी परतणे हे सगळे पंचविशीतला पांडुरंग मागे वळून सांगतो, म्हणजे भोगणारा आणि सांगणारा असे दोन पांडुरंग तिथे आहेत. बेफिकिरी ही सांगणाऱ्याची आहे. भोगणाऱ्याचीही तीच होती, असे गृहीत धरता येत नाही. धाकटी बहीण मनी देवीने मरते, त्या भागात हा सूर त्याला टिकवता येत नाही, आणि तो तुटतो हे आपल्याला कळते ते पहिल्या परिच्छेदाने तो कानात बसवलेला असतो म्हणूनच.

प्राध्यापकांचा दुसरा आग्रह असा होता की, नेमाडे १९३८ साली जन्मले, कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा हे वय लेखकाचेच आहे आणि विषय तिथे संपतो. वय जुळते, हे खरे आहे. पण लेखकाला आपले वय सांगायचे असते, तर त्यामागे ‘उदाहरणार्थ’ लावण्याचे कारण काय होते, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. लकब म्हणून सोडून द्यायची, तर ती लेखकाने नेमक्या कोणत्या जागी ठेवली आहे, हे तरी आधी पाहायला हवे होते.

तुम्ही पहिल्या परिच्छेदातले असे दोनच शब्द निवडा, ते काढून, बदलून, हलवून पाहा, आणि आवाजात पडलेला फरक लिहा. कथानक मग आपोआप मागे राहते. मात्र असा शब्द पुढेही पुन्हा पुन्हा येतो का, हे पडताळल्याशिवाय त्यावर निष्कर्ष उभारू नका. ‘कोसला’त हे दोन्ही शब्द सतत येतात, म्हणून माझे म्हणणे टिकते. जिथे निवेदक ‘मी’ म्हणत नाही, अशा तृतीयपुरुषी कादंबरीत आवाजाच्या खुणा इतक्या उघड नसतात. तिथे निवेदकाला कोणत्या पात्राच्या मनातले कळते आणि कोणाच्या नाही, येथून सुरुवात करावी लागते.