शेजाऱ्यांना चिठ्ठी देण्याआधी चॅनलचा आकडा तपासून घ्या

प्रश्न: "शेजारच्या फ्लॅटचे वायफाय आमच्या बेडरूममध्ये आमच्यापेक्षा जोरात येते आणि रात्री आमचे सारखे अडकते. दोघांनी वेगळे चॅनल लावून पाहू, असे त्यांना वाईट न वाटता चिठ्ठीत कसे लिहू?"

तुमची अडचण वाचताना आमचे जुने दिवस आठवले. राउटरच्या सेटिंगमध्ये कसे जायचे हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून लिहितो. भाषा तर नम्र हवीच, पण चिठ्ठीतला चॅनलचा आकडा त्याहून महत्त्वाचा असतो, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली.

आमच्या बेडरूमची भिंत शेजारच्या काकांच्या हॉलला लागून आहे आणि त्यांचा राउटर त्याच भिंतीवर लावलेला होता. फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये त्यांचा सिग्नल उणे ४८ डीबीएम, तर आमचा उणे ५७ दिसत असे. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरकस. दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या ६ क्रमांकाच्या चॅनलवर होतो. इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्राने "शेजाऱ्यांना दोन-तीन चॅनल पुढे जायला सांगा" असे सुचवले आणि मी ते न पडताळता चिठ्ठीत लिहून दिले. काकांनी भलेपणाने ९ क्रमांक लावून घेतला, आणि त्या रात्रीपासून दोन्ही घरांचे वायफाय आधीपेक्षाही जास्त अडकू लागले. पुन्हा फोन केला तेव्हा त्याच केंद्राने मला नवीन बूस्टर घ्यायला सांगितले. काकांपुढे मी खोटा पडलो, याचे त्या केंद्राला काहीच नव्हते. याचा मला आजही मनापासून राग येतो.

कारण असे की, या पट्ट्यातले चॅनल एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर असतात, पण प्रत्येक राउटर साधारण २० मेगाहर्ट्झ रुंदीची जागा व्यापतो. दोन राउटर एकाच चॅनलवर असले, तर ते एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण माहिती सहसा बिघडत नाही. ६ आणि ९ यांच्यात मात्र १५ मेगाहर्ट्झचेच अंतर असल्याने दोघांच्या कडा एकमेकींवर चढतात, समोरच्याचे बोलणे नुसता गोंगाट ठरते आणि तीच माहिती पुन्हापुन्हा पाठवावी लागते. म्हणून १, ६ आणि ११ यांपैकीच आकडे सुचवावेत. तसेच चॅनलची रुंदी २० ठेवावी. ती ४० केली, तर एकच राउटर बहुतेक पट्टा अडवून बसतो.

चिठ्ठी देण्यापूर्वी दोष खरोखर वायफायचा आहे ना, हे पाहा. रात्री त्या खोलीतल्या विंडोज लॅपटॉपवर ही आज्ञा चालवा (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो):

```
ping -t 192.168.1.1
```

आमच्याकडे दुपारी दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर येत असे, तर रात्री तोच आकडा दोनशेवर जाई आणि मधूनमधून Request timed out दिसे. केबल जोडल्यावर उत्तर लगेच स्थिर झाले, म्हणजे दोष वायफायचाच होता. केबलवरही अडकत असेल, तर शेजाऱ्यांना त्रास देऊ नका.

आमच्या खालच्या मजल्यावरचा राउटर ६ वर होता, म्हणून मी दुसरी चिठ्ठी अशी लिहिली:

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. मागच्या वेळी मी सुचवलेला चॅनल चुकीचा होता, त्याबद्दल क्षमस्व. आपले दोन्ही राउटर भिंतीच्या दोन बाजूंना असल्याने दोघांनाही अडथळा होतो. मी आमचा चॅनल १ वर ठेवला आहे. आपण आपला ११ वर, २० मेगाहर्ट्झ रुंदीवर, आठवडाभर लावून पाहाल का? फरक न पडल्यास पूर्वीसारखे करू. पासवर्ड किंवा नेटवर्कचे नाव बदलावे लागत नाही. रविवारी आपल्याला सवड असल्यास मी येऊन मदत करीन."

यात "तुमच्या वायफायमुळे" हे शब्द जाणूनबुजून टाळले आहेत, कारण आपलाही राउटर त्यांना तितकाच नडत असतो. हा विषय सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच काढू नका. चारचौघांत लिहिलेली विनंती तक्रारच वाटते, असे माझे ठाम मत आहे.

काकांनी त्याच रविवारी बदल केला आणि रात्रीचे आकडे पाच-सहा मिलिसेकंदांवर आले. पंधरा दिवसांनी मात्र वीज गेली आणि परत आल्यावर दोन्ही राउटर पुन्हा ६ वर दिसले, कारण दोन्हीकडे चॅनलचे सेटिंग Auto वरच राहिले होते; आकडा निवडल्यावर Save केले नव्हते. तेव्हा तेवढे दोन्ही घरी पाहून घ्या. मी या क्षेत्रातला तज्ज्ञ नाही आणि तुमच्या इमारतीत १, ६ व ११ तिन्ही भरलेले असू शकतात. तसे असेल तर ज्या चॅनलवरचे इतर सिग्नल सर्वांत क्षीण आहेत तो स्वतः घ्या आणि बेडरूममधला फोन, तो पकडत असल्यास, ५ गिगाहर्ट्झवर न्या, मात्र तो सिग्नल भिंतीपलीकडे कमी पोहोचतो.