'अल्फा': कशापेक्षा जास्त?

प्रश्न: एका फंडाच्या पत्रकात वाचलं: 'परतावा निर्देशांकाहून 1.2 टक्के जास्त, अल्फा उणे 0.6 टक्के.' जास्त दिलं तर अल्फा उणे कसा? खाली टीप आहे, 'अल्फा आवश्यक परताव्याच्या तुलनेत मोजला आहे.' आवश्यक, पण कोणाला? 'अपेक्षित परतावा' म्हटलं तर चालणार नाही का?

उत्तर: पत्रकातली दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिल्यात फंडाची तुलना बाजाराशी केली आहे आणि दुसऱ्यात फंडाने पत्करलेल्या जोखमीशी. तुमचे आकडे जुळवून पाहण्यासाठी बाकीचे मी धरून चालतो. बिनजोखमीचा व्याजदर 6 टक्के, निर्देशांकाचा परतावा 12 टक्के, फंडाचा परतावा 13.2 टक्के आणि फंडाचा बीटा 1.3. बीटा 1.3 याचा अर्थ असा, की बाजार 1 टक्का हलला की हा फंड सरासरी 1.3 टक्के हलतो. बाजाराने जोखमीचा मोबदला म्हणून 6 टक्क्यांवर आणखी 6 टक्के दिले. फंडाने त्या जोखमीच्या 1.3 पट जोखीम घेतली, तेव्हा त्याच्याकडून 6 अधिक 7.8, म्हणजे 13.8 टक्के यायला हवे होते. आले 13.2. उरले उणे 0.6, आणि तोच अल्फा.

आता शब्दांकडे. आपला 'पेक्षा' हा प्रत्ययासारखा वापरला जाणारा शब्द मूळच्या 'अपेक्षा'चाच घासून गुळगुळीत झालेला अवतार. 'बाजारापेक्षा जास्त' म्हणताना बाजाराकडे बघून तुलना केलेली असते. अल्फासाठी मात्र 'अपेक्षेपेक्षा जास्त' असं म्हणावं लागतं, म्हणजे एकाच मुळाचा शब्द दोनदा येतो. मला ही द्विरुक्ती मुळीच खटकत नाही, कारण अल्फाची व्याख्या तिच्यात अख्खी मावते.

मग 'अपेक्षित परतावा' का नको? कारण मराठीत 'अपेक्षित'चे दोन अर्थ आहेत. 'उद्या पाऊस अपेक्षित आहे' यात नुसता अंदाज आहे. 'उमेदवाराकडून पदवी अपेक्षित आहे' यात अट आहे. वित्तशास्त्रात नेमके हेच दोन अर्थ वेगळे ठेवावे लागतात. एखादा विश्लेषक म्हणतो, 'हा फंड पुढच्या वर्षी 15 टक्के देईल असं मला वाटतं.' तो झाला अंदाज. एवढ्या बीटाची जोखीम घ्यायची तर निदान 13.8 टक्के सुटले पाहिजेत, ही झाली अट. अंदाज अटीच्या वर असेल तरच फंड घेण्याजोगा. दोन्हींना 'अपेक्षित' म्हटलं, तर वजाबाकी कशातून कशाची करायची तेच कळेनासं होतं. म्हणून अटीला 'आवश्यक' म्हणतात, आणि ती आवश्यकता गुंतवणूकदाराची असते. हाच बीटा त्याला निर्देशांकाचा फंड आणि थोडं कर्ज यांच्या मिश्रणातून स्वतः जुळवता येतो. आयतं मिळणाऱ्यापेक्षा कमी तो कशाला स्वीकारेल?

ही अट दाखवणारी रेषा म्हणजे सिक्युरिटी मार्केट लाइन. तिचं भाषांतर काही जण 'रोखे बाजार रेषा' असं करतात. ते टाळावं, कारण 'रोखे' म्हटलं की बहुतेकांना कर्जरोखेच आठवतात. 'प्रतिभूती बाजार रेषा' जड आहे, पण चुकीची नाही. आडव्या अक्षावर बीटा, उभ्या अक्षावर परतावा. बीटा शून्य असताना रेषा 6 वर आणि बीटा 1 असताना 12 वर. फंडाचा ठिपका या रेषेच्या जितका वर किंवा खाली, तितका त्याचा अल्फा. समजा, दुसऱ्या एका फंडाचा बीटा 0.7 आहे आणि त्याने 11 टक्के दिले. निर्देशांकाच्या तो मागे पडला, पण त्याची अट होती 10.2 टक्क्यांची. अल्फा अधिक 0.8.

'आवश्यक' हा शब्द मात्र एका जागी तोंडघशी पडतो. बाजार 4 टक्के पडलेल्या वर्षात बाजाराचा मोबदला उणे 10 होतो, आणि 1.3 बीटाच्या फंडाची अट निघते 6 उणे 13, म्हणजे उणे 7 टक्के. फंड 6 टक्केच पडला तर अल्फा अधिक 1. गणित चोख आहे, पण 7 टक्के नुकसान कोणाला 'आवश्यक' असतं? अडचण अशी, की शब्द पुढे पाहणाऱ्या गणितासाठी घडवला गेला आणि आपण तो मागे वळून मोजताना वापरतो. मागच्या काळासाठी मी 'जोखमीजोगा परतावा' म्हणतो. 'पोटाजोगा', 'कामाजोगा' यांच्या चालीवर. तो उणे असला तरी जिभेला अडखळायला होत नाही.

अल्फा म्हणजे पहिलं अक्षर, म्हणून अव्वल, अशीही एक समजूत आहे. तसं काही नाही. 1968 साली मायकल जेन्सन यांनी 1945 ते 1964 या काळातल्या 115 अमेरिकी म्युच्युअल फंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी फंडाचा बिनजोखमीच्या दरावरचा परतावा बाजाराच्या तशाच परताव्यासमोर मांडला आणि ठिपक्यांतून सरळ रेषा काढली. त्या रेषेचा चढ म्हणजे बीटा, आणि ती उभ्या अक्षाला छेदते तो स्थिरांक म्हणजे अल्फा. संख्याशास्त्रातली ही नेहमीचीच अक्षरं. खर्च वजा जाता त्या फंडांचा सरासरी अल्फा वर्षाला उणे 1.1 टक्का निघाला होता, तेव्हा अव्वलपणाचा प्रश्नच नव्हता. (या चित्राची आणि वरच्या चित्राची गल्लत होते. इथे आडव्या अक्षावर बाजाराचा परतावा आहे, बीटा नव्हे.)

आता 'निर्देशांक' या शब्दाबद्दल, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. काही निर्देशांक फक्त भाव मोजतात, काही लाभांश धरून एकूण परतावा मोजतात. वरच्या 12 टक्क्यांत 1.5 टक्के लाभांशाचे होते असं समजा. कोणी भावाचाच निर्देशांक घेतला तर बाजाराचा परतावा 10.5 दिसेल. लाभांश थेंबाथेंबाने येतो, त्यामुळे बीटा फारसा बदलत नाही. अट उतरून 11.85 होईल आणि त्याच फंडाचा अल्फा उणे 0.6 ऐवजी अधिक 1.35 छापून येईल. फंडाच्या खात्यात मात्र त्याच्या शेअरांचा लाभांश जमा झालेलाच असतो. पत्रकात निर्देशांकाच्या नावापुढे 'एकूण परतावा' असं लिहिलेलं आहे का, ते पाहा. तुमच्या पत्रकातला अल्फा उणे आहे, पण निर्देशांक नुसत्या भावाचा असेल तर खरा अल्फा त्याहूनही खाली असणार.