पॅराबेन-फ्री बघून लोशन घेण्याआधी

अगं, क्रीमवर पॅराबेन, सल्फेट, सिलिकॉन लिहिलंय म्हणून डबा लगेच फेकू नको. माझ्या धाकट्या जावेनं राजारामपुरीतनं असंच 'पॅराबेन-फ्री' लोशन आणलं आणि तीन आठवड्यांत पापण्या आणि मानेवर लाल खाजरे चट्टे. पॅराबेन हे लोशन टिकावं म्हणून घालतात, ते काढलं तरी पाणी असलेल्या लोशनमध्ये बुरशी होऊ नये म्हणून दुसरं काहीतरी घालावंच लागतं ना, तिच्या बाटलीत मिथाइलआयसोथायाझोलिनोन होतं, त्यानं ॲलर्जी इतकी व्हायला लागली की युरोपनं अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये त्यावर बंदीच घातली. आणि ज्याला आपण घाबरतो त्या पॅराबेनला अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिसवाल्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2019 मध्ये 'नॉन-ॲलर्जन' म्हटलं, म्हणजे ॲलर्जी फार कमी.

फेस आणणाऱ्या सल्फेटचं थोडं खरं आहे, सोडियम लॉरिल सल्फेट नाजूक कातडी कोरडी करतं, पण सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य असतं. सिलिकॉन तर ओलावा धरून ठेवतं, त्याला कशाला भ्यायचं?

तू आधी सुगंध टाळ, 'नॅचरल' तेलांचा पण. नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातनं दोनदा, आठ-दहा दिवस एकाच जागी लाव, खाज आली तर लगेच थांबव. खाज-चट्टे नाहीच कमी झाले तर स्किनच्या डॉक्टरांकडं पॅच टेस्ट करून घे, बाटली सोबत ने.