बिडीवर लावलेले 5000 आणि खिशातली पन्नी

"बिडी सोडायला स्वतःचे पैसे डावावर लावले तर खरंच सुटते का? की बक्षीस ठेवलेलं बरं? कोणी करून पाहिलंय का?"

मी करून पाहिलंय. दिवाळीच्या पाडव्याला पहिल्या वेचणीच्या कापसाचे 5000 रुपये साळ्याच्या हातात ठेवले. अक्षय तृतीयेपर्यंत बिडी ओढली नाही तर पैसे परत, ओढली तर गावच्या गणपती मंडळाला. काटापावतीच्या मागे लिहून दोघांनी सह्या केल्या. दिवसाला दोन कट्टे फुंकणारा माणूस मी, पण होळीपर्यंत एक बिडी ओढली नाही. मग साळ्यानं आगपेटी शोधताना खुंटीवरच्या माझ्या शर्टातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढली, अर्धी संपलेली, रबर गुंडाळलेली. "भाऊजी, हरले तुम्ही." मी म्हटलं, कागद वाच, त्यावर बिडी लिहिलंय. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

फिलिपिन्समध्ये मिंडानाओ बेटावर एका बँकेनं हेच केलं होतं, पण शहाणपणानं. लोकांनी सहा महिने बिनव्याजी पैसे भरायचे, शेवटी लघवीची तपासणी, नापास झाला तर पैसे दानात. तपासणी निकोटीनची होती. शरीरात निकोटीनचं जे कोटिनीन होतं, ते बिडीतून आलं की खर्र्यातून, हे तपासणीला कळत नाही. माझा कागद तिथं चाललाच नसता. तयार झाले शंभरात फक्त 11. तरी ज्यांना नुसतं विचारलं त्या सगळ्यांत सोडणारे न विचारलेल्यांपेक्षा शंभरामागे 3 जास्त निघाले, आणि वर्षानं अचानक तपासलं तेव्हाही फरक टिकून होता.

साळा म्हणतो, बक्षीस देणं म्हणजे लाड. चूक आहे. अमेरिकेत एका कंपनीचे कामगार आणि त्यांचे नातेवाईक-मित्र यांच्यावरचा प्रयोग 2015 मध्ये छापून आला. स्वतःचे 150 डॉलर अडकवायला शंभरात 14 जण तयार झाले, नुसत्या बक्षिसाला 90. सहा महिन्यांनी बक्षीसवाल्या गटात सुमारे 16 टक्के सुटलेले, पैसे अडकवायच्या गटात 10, काहीच नसलेल्यांत 6. मात्र दोन्हीला तयार असणारी माणसं वेगळी काढली, तर त्यांच्यात स्वतःच्या पैशाची ठेवच सरस ठरली. स्वतःचं जातं तेव्हा डंख लागतो, पण त्या डंखाला हात पुढं करणारे थोडे.

म्हणून तुम्ही लावणार असाल तर कागदावर "तंबाखू" लिहा, "बिडी" नाही, आणि पैसे नातेवाइकाकडे ठेवू नका. तपासणीला मागच्या तीन-चार दिवसांचंच कळतं, म्हणून तारीख आधी सांगू नये. निकोटीनचं च्युइंगम खात असाल तर कोटिनीन त्यानंही दिसतं, ते आधीच ठरवून घ्या. आणि बक्षीस संपलं की बरेच जण परत ओढतात, हे खरं आहे.

साळ्यानं पैसे मंडळाला दिले. पावतीवर माझ्या नावानं "देणगी" लिहिलंय. देणगी कसली, दंड होता तो, आणि तोही लागू नव्हता.