पोकळ आवाज फोटोत येत नाही

प्रश्न: वकीलसाहेब, फ्लॅटचा ताबा घेऊन तीन महिने झाले. हॉलमधल्या टाईल्स वरखाली आहेत, काही ठिकाणी ठोकलं की पोकळ वाजतं. बिल्डर फोनवर नुसता "बघतो" म्हणतो. मी २२ फोटो काढलेत, पत्रात काय लिहू?

उत्तर: आता फोन पुरे, जे काय ते लेखी. पण "सोबत फोटो जोडलेत, टाईल्स खराब आहेत, बदलून द्या" एवढंच लिहिलंत तर बिल्डरचा वकील खूश होईल, कारण कुठली टाईल आणि किती वर हे त्यात कुठेच नाही. दारापासून ओळी मोजा, प्रत्येक दोषी टाईलला नंबर द्या. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत उंचसखलपणा दिसतच नाही, म्हणून दोन टाईल्सवर सरळ पट्टी आडवी धरा, खालची फट मोजा आणि मोबाईल जमिनीला टेकवून फोटो काढा. बारीक सांध्याच्या फरशीत साधारण १ मिमी फरक चालवून घेतात, त्यावर भांडत बसू नका, मोठ्या फरकाच्या टाईल्स आधी लिहा.

पोकळ आवाजाचं मात्र वेगळं आहे. नाण्याने ठोकत जा, आवाज बदलतो तिथे टेपने कडा आखा, मग फोटो काढा, आणि एका व्हिडिओत भरीव आणि पोकळ टाईल एकामागोमाग वाजवून दाखवा. बिल्डर म्हणणार, आवाज म्हणजे दोष नव्हे, आणि ते अगदीच खोटं नाही. कोपऱ्याखाली मसाला नसेल तर वजन पडून कोपरा तुटू शकतो, पण खाली खरंच काय आहे ते टाईल उचलल्याशिवाय कळत नाही. म्हणून "टाईल सुटली आहे" असं ठोकून देऊ नका, असं लिहा:

"ओळ ३, टाईल ४: शेजारच्या टाईलपेक्षा ३ मिमी वर, फोटो २. ओळ ५, टाईल २: उजव्या कोपऱ्यात पोकळ आवाज, आखलेला भाग फोटो ४ मध्ये, व्हिडिओ १. आपण संयुक्त पाहणी करावी, एक पोकळ टाईल दोघांसमोर काढून खालचा मसाला तपासावा आणि दुरुस्ती कशी व कधी करणार ते लेखी कळवावं."

करारात दोष-दुरुस्तीचं कलम शोधा, मुदत तिथलीच लिहा, दिवस दिले नसतील तर १५ दिवसांत उत्तर मागा. पत्र पोचल्याची पोच ठेवा. मूळ फोटो मोबाईलमधून उडवू नका, फॉरवर्ड केलेल्या कॉपीत काढल्याची तारीख बऱ्याचदा राहत नाही. आणि वैतागून स्वतःच मिस्त्री लावून फरशी उखडू नका, पुरावाही गेला आणि "आम्हाला संधीच दिली नाही" म्हणायला बिल्डर मोकळा.

त्याचा माणूस आला की जाताना कागद पुढे करेल. त्यावर "काम समाधानकारक" छापलेलं असेल तर ते खोडून "फक्त पाहणी झाली, दुरुस्ती बाकी" असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करा, आणि त्या कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा.